धुक्याला घड्याळ असतं

जानेवारीतल्या एका सकाळी साडेनऊला भाचीचा फोन आला. "मामा, आम्ही दिल्लीत नाही. जयपूरला उतरवलंय. विमानातच बसून आहोत." नागपूरहून पहाटे निघालेलं तिचं विमान आठ वाजता दिल्लीला उतरायचं होतं आणि दुपारी दीडला तिथून तिचं परदेशाचं विमान होतं. मध्ये साडेपाच तास. तिकिटं काढताना ती माझ्या शेजारी बसली होती आणि "साडेपाच तास म्हणजे खूप झाले गं" असं मीच तिला म्हणालो होतो. ती दिल्लीला पोचली तेव्हा पावणेएक वाजला होता. बॅग हातात येऊन ती टर्मिनल तीनवर धावत पोचेपर्यंत काउंटर बंद होऊन पाऊण तास उलटला होता. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या हिशेबी ती फक्त न आलेली प्रवासी होती. नवं तिकीट पूर्ण पैसे भरून घ्यावं लागलं.

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. साडेपाच तास कमी नव्हतेच. ते घड्याळाच्या चुकीच्या भागात ठेवले होते. तेच साडेपाच तास दुपारी दोनच्या पुढे असते, तर पोरगी आरामात चहा पिऊन विमानात बसली असती.

उत्तर भारतातलं हिवाळी धुकं जमिनीतून जन्माला येतं. रात्री आकाश निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि झपाट्याने गार होते. तिला लागून असलेली हवाही गार होते. वारा पडलेला असेल आणि हवेत पुरेसा ओलावा असेल, तर त्या ओलाव्याचे बारीक थेंब होतात आणि जमिनीलगत पांढरा थर साचतो. गंगा-यमुनेच्या मैदानात हिवाळ्यात गव्हाला पाणी दिलेलं असतं, म्हणून ओलावा भरपूर. धूर आणि धूळही भरपूर, आणि थेंबांना धरून बसायला तेच कण लागतात. म्हणून हे धुकं बहुधा मध्यरात्रीनंतर पडायला लागतं आणि सूर्योदयाच्या आसपास सर्वांत दाट होतं. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तासभर तर ते आणखी गडद झाल्यासारखं वाटतं. मग ऊन जमीन तापवतं आणि दहा-अकराच्या सुमारास थर विरायला लागतो. वाईट दिवशी बारा-एक वाजतात. क्वचित सलग काही दिवस सूर्यदर्शनच होत नाही. तेव्हा मात्र कुठलाच ठोकताळा चालत नाही.

हवामान खात्याच्या भाषेत दृश्यमानता 1000 मीटरच्या खाली गेली की धुकं, 200 च्या खाली दाट धुकं आणि 50 च्या खाली अतिदाट. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय साधारण 10 डिसेंबर ते 10 फेब्रुवारी हा धुक्याचा काळ धरतं. प्रवाशाने त्या तारखांपेक्षाही एक खूण लक्षात ठेवावी. दिल्लीत हिवाळी पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं, की पुढच्या एक-दोन रात्री सांभाळायच्या असतात. पश्चिमी प्रक्षोभाच्या त्या पावसाने जमीन भिजलेली असते आणि ढग हटल्यावर रात्री उष्णता अडवायला वर काही उरत नाही.

"पण दिल्लीला तर धुक्यात उतरायची यंत्रणा आहे ना?" असं मला दरवेळी कोणीतरी विचारतं. आहे, आणि चांगली आहे. कॅट तीन बी या दर्जाच्या यंत्रणेवर धावपट्टीवरची दृश्यमानता अवघी 50 मीटर असतानाही विमान उतरवता येतं. साध्या, म्हणजे कॅट एक दर्जाच्या यंत्रणेला त्यासाठी 550 मीटर लागतात. फरक प्रचंड आहे. पण ही सोय तीन जागी एकदम जुळावी लागते: धावपट्टीवर यंत्रणा हवी, त्या विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकांनी ते प्रशिक्षण घेतलेलं हवं. एक कडी निसटली की विमान जयपूर, लखनऊ किंवा अहमदाबादकडे वळतं. तिथे इंधन भरायचं, दिल्लीकडून परवानगीची वाट बघायची. तेवढ्यात वैमानिकांचे कामाचे तास संपले, तर दुसरी जोडी येईपर्यंत विमान जागचं हलत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. उतरायला 50 मीटर पुरतात, पण उड्डाणाला त्याहून जास्त लागतात, साधारण 125 मीटर. त्यामुळे पहाटे अशी स्थिती येते की विमानं उतरताहेत पण उडत मात्र एकही नाही. उभ्या विमानांनी जागा अडते. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, जमिनीवर ती सावकाश चालवावी लागतात, म्हणून तासाला होणारी ये-जा कमी होते. ही गर्दी हवेत साठू नये म्हणून दिल्लीकडे निघणाऱ्या विमानांना मूळ विमानतळावरच रोखून धरतात. नागपुरात किंवा पुण्यात लख्ख ऊन पडलेलं असतं, दार बंद होऊन माणसं पट्टे बांधून बसलेली असतात आणि विमान काही निघत नाही, याचं कारण हेच.

आता निघायची वेळ कशी निवडायची ते बघू. आपल्याकडे जुना सल्ला आहे: दिवसाचं पहिलं विमान घ्या. तो एरवी बरोबर असतो, कारण ते विमान रात्रीच तुमच्या गावात मुक्कामाला आलेलं असतं, कुठून उशिरा येण्याचा प्रश्न नसतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जाताना हाच सल्ला उलटतो. पहाटे पाच-सहाला निघालेलं विमान सात-आठला, म्हणजे नेमकं धुक्याच्या ऐन भरात दिल्लीवर पोचतं. साडेदहा-अकराला निघणारं विमान दुपारी साडेबारा-एकला पोचतं, तोवर धावपट्टी मोकळी झालेली असते. फक्त ते विमान त्याआधी कुठे होतं हे बघायचं. एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी सातला दिल्लीहून निघून तुमच्या गावी येणारं विमानच परत तुम्हाला न्यायचं असेल, तर तिकडचं धुकं तुमच्या दुपारलाही चिकटतं. दक्षिणेकडून किंवा मुंबईहून येऊन पुढे दिल्लीला जाणारं विमान त्या मानाने निर्धोक. Flightradar24 वर उड्डाण क्रमांक टाकला की आधीच्या काही दिवसांत ते विमान कुठून आलं आणि किती उशिरा निघालं हे दिसतं. तिकीट काढण्यापूर्वी पाच मिनिटं खर्चून एवढं बघावंच.

संध्याकाळची विमानंही फार भरवशाची नसतात. सकाळी साठलेला उशीर दिवसभर पुढे सरकत जातो. दुपारी बारा ते चार या वेळात दिल्लीत उतरणं, ही माझ्या मते धुक्याच्या दिवसांतली सर्वांत चांगली खिडकी आहे.

आदल्या रात्री अंदाज बघायचा तर टीव्हीवरच्या बातम्यांपेक्षा वैमानिक जो वाचतात तो विमानतळाचा अंदाज वाचावा. तो aviationweather.gov वर कोणालाही मोफत मिळतो. दिल्लीचं सांकेतिक नाव VIDP. समजावण्यासाठी एक नमुना देतो:

```
TAF VIDP 071700Z 0718/0824 00000KT 1000 BR NSC
BECMG 0720/0721 0100 FG
BECMG 0804/0806 1500 BR
```

दिसायला किचकट, पण वाचायचं थोडंच आहे. 00000KT म्हणजे वारा शून्य. दुसऱ्या ओळीत FG म्हणजे धुकं आणि 0100 म्हणजे दृश्यमानता 100 मीटर. 0720/0721 म्हणजे सात तारखेचे 20 ते 21 वाजले असताना. मात्र ही वेळ ग्रिनिचची असते, आणि इथेच लोक फसतात. साडेपाच तास मिळवले की आपले रात्रीचे दीड ते अडीच होतात. तिसऱ्या ओळीत तसंच: आठ तारखेला 4 ते 6, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान धुकं विरून दृश्यमानता 1500 मीटरवर जाईल. BR म्हणजे विरळ धूसरपणा, त्याने कुठलं विमान अडत नाही. आठ वाजता उतरणाऱ्या माणसाने हा अंदाज आदल्या रात्री वाचला, तर पुढच्या कंपनीला फोन करायला त्याच्या हातात निदान काही तास राहतात.

आता मधला वेळ. तो मोजायचा तर उलटीकडून मोजावा. भाचीचंच उदाहरण घेऊ. विमान दीडला, परदेशाचं काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, म्हणजे साडेबाराला. रांगेसाठी एक तास धरला तर साडेअकराला टर्मिनल तीनच्या दारात असायला हवं. दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल तीनवरूनच सुटतात, पण देशातलं विमान टर्मिनल एकवर उतरलं तर मधला रस्ता, बस किंवा टॅक्सी, यात पाऊण तास सहज जातो. त्याआधी बॅगेसाठी अर्धा तास आणि धावपट्टीवरून दारापर्यंत सावकाश चालत येणाऱ्या विमानाचा अर्धा तास. म्हणजे चाकं जमिनीला पावणेदहाच्या आत टेकायला हवीत. आठचं विमान पावणेदहाला टेकायला हवं, याचा अर्थ साडेपाच तासांतला खरा मोकळा वेळ फक्त पावणेदोन तासांचा होता. आणि धुकं विरायची वेळच दहा-अकरा. हा हिशेब तिकीट काढायच्या आधी कागदावर मांडला असता, तर तिथेच कळलं असतं.

त्यावर दोन उपाय होते. आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने जाऊन दिल्लीत मुक्काम करणं, हा एक. दुसरा मला जास्त आवडतो. युरोपकडे जाणारी बरीच विमानं दिल्लीहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तसलं विमान घ्यायचं आणि नागपूरहून दुपारी दोनला पोचणारं विमान धरायचं. मध्ये अकरा-बारा तास राहतात. ते कंटाळवाणे असतात हे खरं, पण सगळे धुकं विरल्यानंतरचे असतात. रात्री दोनच्या उड्डाणालाही धुकं आडवं येऊ शकतं, मात्र तेव्हा तुम्ही चेक-इन करून बसलेले असता आणि पुढची जोडणी त्याच तिकिटावर असेल, तर ती सांभाळणं कंपनीचं काम असतं. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असण्याचं मोल इथे कळतं. हवामान ही कंपनीच्या हाताबाहेरची गोष्ट मानली जाते, नुकसानभरपाई मिळत नाही. पण एकाच तिकिटावर चुकलेल्या जोडणीसाठी पुढच्या विमानात जागा मिळते, वेगळ्या तिकिटांवर ती मिळत नाही. वेगळ्या तिकिटांनी दोन-चार हजार वाचत असतील, तर धुक्याच्या दिवसांत ते वाचवू नयेत. आणि दिल्लीवाचून अडत नसेल, तर जानेवारीत मुंबईमार्गे जावं हे सर्वांत सोपं.

मुंबईच्या पावसाचं गणित याहून निराळं. जुलैतला पाऊस घड्याळ पाळत नाही, रात्री तीनला कोसळतो आणि भर दुपारीही कोसळतो. म्हणून इथे पहिल्या विमानाचा जुना सल्ला पुन्हा खरा ठरतो, रात्री मुक्कामाला असलेल्या विमानावर दिवसाचा उशीर साठलेला नसतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सर पडून उतरणं थांबलं की विमानं वर घिरट्या घालतात, आणि तो उशीर दुपारपर्यंत दिवसाच्या वेळापत्रकात मुरतो. 1 जुलै 2019 च्या रात्री एक विमान ओल्या धावपट्टीवरून पुढे घसरून मातीत रुतलं, तेव्हा मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली होती.

पण मुंबईत विमानापेक्षा विमानतळापर्यंतचा रस्ता जास्त दगा देतो, आणि त्या रस्त्याला मात्र घड्याळ आहे. ते भरतीचं. शहराचं पावसाचं पाणी नाले आणि गटारांतून समुद्रात सुटतं. जुनी गटारं तासाला सुमारे 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही ओहोटी असेल तर. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी मुखांच्या वर जाते आणि पाणी बाहेर पडत नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली उदंचन केंद्रं ते पंपांनी उचलून फेकतात, पण जोराच्या पावसात तीही अपुरी पडतात. मग हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन, कुर्ला, अंधेरी सबवे ही नेहमीची नावं बातम्यांत येतात. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते.

कोकणात भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीडला. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. सर्वांत मोठ्या भरत्या पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतात, म्हणून मुंबईत मोठी भरती नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्रीच गाठते. हा अंदाज ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण प्रवासाची वेळ ठरवायला तेवढा पुरतो.

समजा आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पुण्याहून कोणाला संध्याकाळी पाचचं परदेशाचं विमान गाठायचं आहे. दोन वाजता विमानतळावर हवं. पुण्याहून अंतर दीडशे किलोमीटर, एरवी साडेतीन तास. म्हणून माणूस दहाला निघतो. पावसात घाट सावकाश उतरून मानखुर्द-चेंबूरला तो पाऊण-एकच्या सुमारास येतो, नेमका भरतीच्या माथ्यावर. त्या वेळी कुर्ल्याच्या बाजूला गुडघाभर पाणी साचलेलं असेल, तर दोन काय, चारही वाजतील. तो पहाटे साडेपाचला निघाला, तर दहाच्या आत पार्ल्यात असतो. पाणी साचायची भीती भरतीच्या आधी-नंतर दीड-दोन तास धरावी, आणि शहरातला शेवटचा टप्पा त्या पट्ट्याबाहेर पडेल असं निघावं. पाऊस नसेल तर भरतीने काही बिघडत नाही. उलट 26 जुलै 2005 सारखा, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर ओहोटीही कामाला येत नाही.

घाटाचा धोका वेगळा, त्याला ना तिथी ना वेळ. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ द्रुतगती मार्गावर दरड कोसळली होती. कर्जत-लोणावळा दरम्यान रूळ अडला की पुणे-मुंबई गाड्या एकामागून एक रद्द होतात. 27 जुलै 2019 ला कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि सुमारे 1050 प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. म्हणून पुणे, कोल्हापूर, साताऱ्याकडून येणाऱ्यांनी घाट आणि शहर ही दोन वेगळी संकटं मानावीत. हवामान खात्याने रायगड, पुण्याचा घाटमाथा किंवा मुंबईला लाल इशारा दिला असेल, म्हणजे 24 तासांत 204 मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता असेल, तर घाट आदल्या दिवशी उजेडी उतरावा आणि रात्र पार्ले-अंधेरीच्या बाजूला काढावी. तेव्हा तासांचा हिशेब करण्यात अर्थ नसतो. नारिंगी इशारा असेल तर पाच तास आधी पोचण्याच्या बेताने निघणं मी पुरेसं मानतो, भरतीची वेळ टाळून.

भाची परवा पुन्हा निघतेय, जानेवारीतच. या वेळी तिने तिकिटं स्वतः काढली. नागपूरहून बारा वाजताचं विमान, ते बंगळुरूहून येणारं. दिल्लीहून रात्री सव्वादोनचं पुढचं, सगळं एकाच तिकिटावर. काल तिचा संदेश आला: "मामा, दिल्लीत आज पाऊस पडलाय, उद्या ऊन आहे. आईला सांगून ठेव, रात्री दोनला कदाचित उशीर होईल, काळजी करू नको म्हणावं."